परदेशातल्या मराठी मंडळाचं आमंत्रणपत्र आलं : अमेरिकेत गाण्यासाठी पी-३ व्हिसा कसा मिळतो

पत्र बहुतेक वेळा ईमेलवर येतं. वर मंडळाचा लोगो, खाली अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या, आणि मधे असं एक वाक्य : "आमच्या वार्षिक स्नेहसंमेलनात आपण गायन सादर करावे. प्रवास व निवासाची सोय मंडळ करेल आणि यथाशक्ती मानधन देण्यात येईल." घरात पेढे येतात आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी ओळखीचा सल्ला देतो, "टुरिस्ट व्हिसा काढ, पत्र जोड, झालं काम."

काम तिथेच बिघडतं. मी अमेरिकेतल्या एका मंडळाच्या कार्यकारिणीत होतो तेव्हा हे वर दिलेलं वाक्य मीच लिहिलं होतं. आपल्याकडे "यथाशक्ती मानधन" हा नम्रपणा असतो. व्हिसा अधिकाऱ्याला त्यात एवढंच दिसतं, की ही व्यक्ती पैसे घेऊन काम करायला येते आहे, पण किती पैसे, कोण देणार आणि कोणत्या कराराने, हे कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून पत्र हातात आलं की आधी एक प्रश्न सोडवायचा. आपण हौशी कलाकार आहोत की व्यावसायिक?

पर्यटकांच्या बी-२ व्हिसावर हौशी कलाकाराला सामाजिक किंवा धर्मादाय कार्यक्रमात मानधन न घेता गाता येतं. प्रवासाचा किरकोळ खर्च मंडळाने दिला तरी चालतं. पण इथे हौशी म्हणजे जो एरवीही पैसे घेऊन गात नाही तो. गणेशोत्सवात, दिवाळी पहाटेला किंवा लग्नाच्या मैफलीत तुम्ही मानधन घेत असाल, तर "या वेळी फुकट गाते" असं म्हटल्याने तुम्ही हौशी ठरत नाही. तरुण गायकांची फसगत बहुतेक इथेच होते, कारण नोकरी वेगळी असते आणि गाणं आपण मनाने छंदच समजतो. पण बँकेच्या पासबुकात कार्यक्रमांचे पैसे दिसतात आणि फेसबुकवर तिकिटांचे दर असलेली पोस्टर असतात. बी-२ वर जाऊन पाकीट घेतलं तर व्हिसाच्या अटींचा भंग होतो. मुलाखतीत खोटं सांगितल्याचं उघड झालं तर पुढच्या सगळ्या अर्जांवर त्याची सावली पडते.

मानधन घेणाऱ्यासाठी योग्य वाट म्हणजे पी-३. एखाद्या समाजाची खास सांस्कृतिक कला सादर करणाऱ्यांसाठी हा व्हिसा आहे. नवोदित गायकाच्या दृष्टीने त्याची मोठी सोय अशी, की आंतरराष्ट्रीय कीर्ती किंवा मोठे पुरस्कार दाखवावे लागत नाहीत. कला अस्सल आहे आणि ती तुम्हाला येते, एवढं सिद्ध करायचं असतं. वय आड येत नाही. कलाकार अठरा वर्षांखालचा असेल तर करारावर पालकांचीही सही घ्यावी.

आता क्रम समजून घ्या, कारण तो उलटा वाटतो. आधी तुम्ही अर्ज करत नाही, मंडळ करतं. मंडळ, किंवा त्याच्या वतीने अमेरिकेतला एजंट, तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे म्हणजे यूएससीआयएसकडे I-129 हा फॉर्म भरतो. त्याला पिटिशन म्हणतात. ती मंजूर झाली की I-797 नावाची मंजुरीची सूचना येते. त्यानंतर तुम्ही भारतात DS-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरता, पी वर्गाची २०५ डॉलर फी भरता, बोटांचे ठसे देता आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला जाता. म्हणजे नुसतं आमंत्रणपत्र घेऊन वकिलातीच्या दारात उभं राहण्यात अर्थ नाही. ते पत्र म्हणजे पिटिशनमधला एक कागद.

एक उदाहरण घेऊ. सांगलीची २३ वर्षांची गायिका, नाट्यसंगीत आणि अभंग गाणारी, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद. न्यू जर्सीतल्या एका मंडळाचं संमेलन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आहे आणि पत्र एप्रिलमध्ये आलं.

पहिलं काम म्हणजे पत्र बदलून मागणं. यात संकोच वाटतो, वाटू देऊ नये. सुधारलेलं पत्र इंग्रजीत, मंडळाच्या लेटरहेडवर हवं. त्यात कार्यक्रमाची तारीख, सभागृहाचा पूर्ण पत्ता, किती वेळ गायचं, मानधनाचा नेमका आकडा, विमानाचं तिकीट आणि राहण्याचा खर्च कुणाकडे, हे सरळ लिहिलेलं असावं. नाव पासपोर्टवर आहे तसंच. आपल्याकडे रंगमंचावर एक नाव, पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट दुसरं आणि लग्न झालं असेल तर आधारवर तिसरं, असं सर्रास असतं. पोस्टरवर काहीही छापा, पिटिशनमध्ये पासपोर्टचंच नाव जाऊ द्या. याशिवाय दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार लागतो. बोलणी तोंडी झाली असतील तर त्यांचा लेखी सारांश चालतो.

दुसरं काम सर्वांत महत्त्वाचं आणि ते गायिकेलाच करायचं आहे : आपली कला समजावून सांगणं. पिटिशन वाचणाऱ्या अधिकाऱ्याने "नाट्यसंगीत" हा शब्द आयुष्यात ऐकलेला नसतो. त्याला "लोकप्रिय मराठी गाणी" असं सांगितलं तर तो ते पॉप संगीत समजेल. त्याऐवजी असं सांगायचं, की अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं, तिथून रुजलेल्या संगीत नाटकाच्या परंपरेतली ही पदं आहेत, ती रागांवर बांधलेली असतात, मराठी रंगभूमीवर वाढलेली आहेत आणि ती शिकायला गुरूकडे बसावं लागतं. याला जोड म्हणून जाणकारांची दोन-तीन पत्रं घ्यावीत : गुरू, एखाद्या विद्यापीठातले संगीताचे प्राध्यापक, जुने रंगकर्मी. पत्र लिहिणाऱ्याने स्वतः कोण आहोत, गायिकेला कधीपासून आणि कशामुळे ओळखतो आणि तिच्या गायकीत परंपरेचं नेमकं काय आहे, हे लिहावं. "अत्यंत गुणी व होतकरू कलाकार, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा" या छापाचं पत्र आपल्याकडे पटकन मिळतं, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

वर्तमानपत्रातली कात्रणं असतील तर जोडा, पण मराठी कात्रण नुसतं चालत नाही. त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतर करणाऱ्याने सही करून लिहून द्यायचं असतं. नोटरीची गरज नाही. मराठी आणि इंग्रजी नीट येणारी तुमची मावशीसुद्धा हे करू शकते.

आता मेख आहे ती गाण्यांच्या यादीत. पी-३ ची अट अशी, की तिथे होणारे सगळेच कार्यक्रम सांस्कृतिक स्वरूपाचे असले पाहिजेत. आमच्याकडे समितीतल्या कुणीतरी उत्साहाने यादीत लिहिलं होतं, "उत्तरार्धात हिंदी रेट्रो आणि डान्स फ्लोअर". संमेलनात ते व्हायला कुणाची हरकत नसते, पण ते या गायिकेच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून पिटिशनमध्ये गेलं तर अधिक पुरावा मागणारं पत्र हमखास येतं आणि पुढचे काही आठवडे त्याला उत्तर देण्यात जातात. उत्तरार्धातलं नाचगाणं मंडळाने स्थानिक डीजेकडे द्यावं आणि गायिकेच्या नावावर पदं, अभंग आणि भैरवी ठेवावी.

म्हणून कला शंभर टक्के जुनीच हवी, असं मात्र नाही. अर्जेंटिनाच्या एका क्लेझमर वाद्यवृंदाच्या प्रकरणात यूएससीआयएसच्या अपील कार्यालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं, की दोन संस्कृतींच्या मिश्रणातून घडलेली शैलीसुद्धा "सांस्कृतिकदृष्ट्या खास" असू शकते. क्लेझमर हे ज्यू परंपरेचं संगीत, आणि या वाद्यवृंदाच्या शैलीत त्यात दक्षिण अमेरिकेचे सूर मिसळले होते. त्यामुळे अभंगाला गिटारची साथ घेणाऱ्या तरुण गायकाने घाबरायचं कारण नाही. फक्त ते मिश्रण कुठून आलं, त्यात मराठी काय, हे जाणकारांच्या पत्रांतून पटवून द्यावं लागेल.

तिसरा कागद बहुतेक मंडळांना माहीतच नसतो. तो म्हणजे अमेरिकेतल्या कलाकारांच्या कामगार संघटनेचं मत. तिथल्या कलावंतांच्या पोटावर पाय येत नाही ना, हे पाहण्यासाठी कायद्याने ते मागवायला लावलं आहे. संघटनेकडे करार, कार्यक्रमाची माहिती आणि कलाकाराची ओळख पाठवायची, फी भरायची, आणि त्यांचं पत्र पिटिशनला जोडायचं. ते सल्ल्याच्या स्वरूपाचं असतं, त्याने निकाल बांधला जात नाही, पण ते नसेल तर पिटिशन अपुरी ठरते.

साथीदारांचं आधीच ठरवा. तबलजी आणि संवादिनीवादक भारतातून नेणार असाल आणि तेही कार्यक्रमातले कलाकार असतील, तर त्यांची नावं आणि पुरावे याच पिटिशनमध्ये येतात. ध्वनिव्यवस्थेसाठी नेहमीचा माणूस हवा असेल तर त्याच्यासाठी वेगळी पिटिशन लागते. न्यू जर्सीत चांगले तबलजी राहतात, त्यामुळे आमच्या उदाहरणातली गायिका एकटीच जाते. ताल आणि पट्टी आधी कळवली की पुरतं.

वेळेचा हिशेब असा. पिटिशन कार्यक्रमाच्या एक वर्ष आधीपर्यंत भरता येते. पाच-सहा महिने हाताशी असावेत. आपल्या उदाहरणात मे महिन्यात कागद जमले आणि जूनच्या सुरुवातीला पिटिशन गेली, तर ऑक्टोबरच्या आत मुलाखत होण्याची आशा धरता येते. घाई असेल तर जादा फी भरून निकाल लवकर मागता येतो, पण मुलाखतीची तारीख त्याने लवकर मिळत नाही. मंजुरीची मुदत सुरू होण्याआधी दहा दिवस आणि ती संपल्यानंतर दहा दिवस अमेरिकेत राहायला मुभा मिळू शकते, मात्र त्या दिवसांत पैसे घेऊन गायचं नाही.

"आलीच आहे तर ह्यूस्टनलाही एक मैफल करू" हा फोन येतोच. दुसरं मंडळ म्हणजे दुसरा मालक. न्यू जर्सीच्या मंडळाच्या पिटिशनवर त्यांच्यासाठी गाता येत नाही. दौऱ्याची शक्यता असेल तर सुरुवातीलाच एका एजंटमार्फत पिटिशन करावी आणि त्यात सगळ्या गावांचं वेळापत्रक नि करार जोडावेत. अशा पिटिशनमध्ये नंतर त्याच स्वरूपाचा एखादा कार्यक्रम वाढला, तर दुरुस्तीचा अर्ज करावा लागत नाही.

मुलाखतीला जाताना I-797, करार, नवं पत्र आणि गाण्यांची यादी जवळ ठेवा. कोण बोलावतंय, काय गाणार, किती पैसे मिळणार, या प्रश्नांची उत्तरं कागदावरच्या आकड्यांशी जुळली पाहिजेत. मानधन सांगायला लाजू नका, ते पिटिशनमध्ये लिहिलेलंच आहे.

आई सोबत येणार असेल तर तिचा अर्ज वेगळा. पी व्हिसाधारकासोबतचा पी-४ हा फक्त जोडीदार आणि एकवीस वर्षांखालच्या अविवाहित मुलांना मिळतो, आईवडिलांना नाही. आईने बी-२ काढायचा. आणि मंडळाच्या खजिनदाराला आधीच विचारून ठेवा, की चेक किती रकमेचा असेल. परदेशी कलाकाराच्या मानधनातून साधारणपणे ३० टक्के कर कापून घ्यावा लागतो, आणि ही गोष्ट बऱ्याच गायकांना कार्यक्रम झाल्यावर, शाल-श्रीफळासोबत हातात आलेल्या पाकिटातून कळते.