एसओपीतली बढाई काढायची कशी?

एमएसच्या अर्जासोबत द्यायच्या एसओपीच्या, म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’च्या, पहिल्या मसुद्यात एक वाक्य हमखास सापडतं: ‘माझ्या नेतृत्वाखाली आमच्या टीमने पर्यावरणपूरक काँक्रीटचा क्रांतिकारी प्रोजेक्ट यशस्वी केला.’ एसओपी इंग्रजीत जाते, पण हा रोग कुठल्याही भाषेत सारखाच, म्हणून इथे नमुने मराठीत देतो आहोत.

हे वाक्य वाचणारा प्राध्यापक त्याच विषयातला असतो. अशा प्रोजेक्टमध्ये काही सिमेंटऐवजी फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख, वापरलेली असते. फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं पीपीसी सिमेंट भारतात कुठल्याही दुकानात गोणीने मिळतं, हे त्याला ठाऊक असतं. ‘क्रांतिकारी’ म्हटलं की त्याचा पुढच्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

नुसतं विशेषण खोडून भागत नाही. तिथे काम लिहावं लागतं. म्हणून आम्ही आधी चार गोष्टी विचारतो: नेमकं काय केलं, त्यातलं तुमच्या हातचं किती, निकाल काय आला आणि कुठे अडलं? उत्तरं मिळाली की तोच प्रोजेक्ट असा लिहिता येतो:

‘आम्ही चौघांनी एम25 काँक्रीटमध्ये 30 टक्के सिमेंटऐवजी फ्लाय अ‍ॅश वापरली. मिक्स डिझाइन आणि क्यूब टेस्टिंग माझ्याकडे होतं. 7 दिवसांनी ताकद साध्या मिक्सपेक्षा बरीच कमी आली. 28 दिवसांनी अंतर घटलं, पण मिटलं नाही. फ्लाय अ‍ॅशची प्रक्रिया सावकाश चालते, तरी आम्ही 56 आणि 90 दिवसांसाठी क्यूब भरलेच नव्हते. त्यामुळे हे अंतर पुढे भरून निघालं असतं का, ते मला सांगता येत नाही. सुरुवातीची ताकद कशी वाढवावी, हे मला शिकायचं आहे.’

यात ‘नेतृत्व’ हा शब्द नाही, पण जबाबदारी दिसते. शेवटचा प्रश्न तर थेट तुम्ही निवडलेल्या कोर्सकडे नेतो. ‘बरीच कमी’च्या जागी लॅबच्या वहीतला आकडा टाका. वही सापडत नसेल तर शब्दच राहू द्या. अंदाजाचा आकडा गाइडच्या शिफारसपत्राशी जुळला नाही, तर भारी पडतो.

उलट टोकही गाठू नका. प्रत्येक परिच्छेदात चूक कबूल केली की एसओपी माफीनामा वाटू लागते. एकच मर्यादा पुरते, तीही अशी की जिच्यातून पुढचा प्रश्न निघेल. कमी मार्कांची सफाई द्यायचीच असेल, तर दोन ओळींत आटपा.

‘हेच विद्यापीठ का’ या परिच्छेदाची परीक्षा सोपी आहे. विद्यापीठाचं नाव बदलूनही तो जसाच्या तसा चालत असेल, तर तो पुन्हा लिहावा लागेल. तिथली कुठली लॅब किंवा विषय तुमच्या प्रश्नाशी जुळतो, ते त्यात यायला हवं.

पहिल्या भेटीला प्रोजेक्ट रिपोर्ट, सगळ्या मार्कशीट, सीव्ही आणि प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवरची शब्दमर्यादा घेऊन या. न केलेलं काम आम्ही लिहून देत नाही.