भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत रोप कसे ठेवाल?

पितळी हंडा किंवा चिनी मातीची कुंडी नेताना ग्राहक हमखास विचारतात, "खाली भोक नाही, मग तळाला खडी घातली की झालं ना?" खडीने काम भागत नाही. माती पाणी धरून ठेवते आणि पुरती भिजल्याशिवाय ते खाली खडीत सोडत नाही. त्यामुळे खडीच्या लगत वरची माती चिंब राहते, आणि खडीने तळाची जागा अडवल्यामुळे हा ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात.

म्हणून शोभेच्या कुंडीत माती भरूच नका. रोप भोकं असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीत राहू द्या आणि ती कुंडी आत ठेवा. हंडा घेताना पोट बघू नका, तोंड मोजा, कारण आतली कुंडी तिथूनच आत-बाहेर करायची आहे. समजा, पीस लिलीचे रोप 6 इंची कुंडीत आहे. तर हंड्याचे तोंड आतून 8 इंच तरी हवे, म्हणजे बोटे घालून कुंडी उचलता येते. हंड्याच्या तळाशी तीन पणत्या पालथ्या घालून त्यांवर कुंडी टेकवा. चुकून थोडे पाणी खाली उतरले, तरी कुंडीचा तळ त्यात बुडत नाही.

पाणी घालण्याआधी बोट पेरभर मातीत खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोरडे लागले तर कुंडी बाहेर काढून मोरीत ठेवा आणि खालून पाणी गळेपर्यंत सावकाश घाला. एवढ्या कुंडीला साधारण अर्धा लिटर पुरते. मग अर्धा तास निथळू द्या, थेंब थांबले की परत हंड्यात ठेवा. निथळलेली कुंडी हाताला किती जड लागते ते लक्षात ठेवा. पुढे नुसती उचलूनही पाण्याचा अंदाज येतो.

कुंडी फार जड असेल तर जागेवरच थोडे पाणी घाला, पण अर्ध्या तासाने खाली साचलेले पाणी ओतून टाका किंवा जुन्या कापडाने टिपून घ्या.

माती ओली असूनही पाने मलूल दिसली, खालची पाने पिवळी पडू लागली किंवा मातीला आंबूस वास आला, तर पाणी जास्त होतेय. अशा वेळी रोप सुकले समजून आणखी पाणी घातले जाते आणि ते हातचे जाते. मुळे काढून बघा: काळी, बोटाने दाबली की साल सुटणारी मुळे कापून टाका आणि नव्या भुसभुशीत मातीत लावा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की माती लवकर वाळत नाही. उन्हाळ्यातला पाण्याचा क्रम तेव्हा चालवू नका. गॅलरीत पावसाची झड येत असेल तर हंडा घरात घ्या, कारण तो वरून भरतो आणि आत काय साचलेय ते दिसत नाही. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतात; आठवड्यातून एकदा तरी कुंडी उचलून हंडा आतून कोरडा पुसून घ्या.