घामाचा दर व निर्जलीकरणाची टक्केवारी (वजनावरून काढणे)

व्यायामापूर्वी आणि व्यायामानंतर घेतलेल्या शरीराच्या वजनांतील फरकावरून दर तासाला किती घाम गेला आणि शरीरातील पाण्याची तूट मूळ वजनाच्या किती टक्के झाली, हे ठरवण्याची पद्धत. तासा-दोन तासांच्या व्यायामात वजन घटते ते मुख्यतः घामामुळेच, आणि एक लिटर घामाचे वजन जवळपास एक किलोग्रॅम भरते. या दोन गोष्टींवर सगळे गणित उभे आहे. लागतो तो वजनकाटा, तोही शक्यतो ५० किंवा १०० ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवणारा.

गणिते दोन आहेत आणि ती वेगळी ठेवावी लागतात. घामाच्या दरासाठी वजनातील घटीत मधल्या काळात प्यायलेले पाणी मिळवतात, त्याच काळात झालेली लघवी वजा करतात आणि आलेल्या आकड्याला तासांनी भागतात. टक्केवारीसाठी मात्र नुसती घट घेऊन तिला आधीच्या वजनाने भागतात व शंभराने गुणतात. प्यायलेले पाणी इथे मिळवायचे नाही, कारण ते शरीरात आहे आणि दुसऱ्या वजनात मोजले गेलेच आहे. नवखा माणूस चुकतो तो बहुधा इथेच.

एक उदाहरण घेऊ. मुंबईत मे महिन्यातल्या सकाळी एक धावपटू दीड तास धावतो. निघण्यापूर्वी लघवीला जाऊन आल्यावर त्याचे वजन ६८.४ किलो आहे. वाटेत तो ६०० मिली पाणी पितो आणि एकदा लघवीला थांबतो, ती अंदाजे २०० मिली धरू. परतल्यावर अंग पुसून केलेले वजन ६७.१ किलो भरते, म्हणजे घट १.३ किलो. तीत ०.६ मिळवून ०.२ वजा केले की घाम १.७ लिटर येतो आणि दीड तासाने भागल्यावर दर तासाला सुमारे १.१ लिटर पडतो. तूट १.३ भागिले ६८.४, म्हणजे १.९ टक्के. तो काहीच प्यायला नसता, तर घट १.९ किलो झाली असती आणि तूट २.८ टक्क्यांवर गेली असती. तूट २ टक्क्यांच्या पुढे जाऊ न देणे, हा अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २००७ च्या निवेदनातील सर्वपरिचित दंडक आहे. उन्हाळ्यात दीर्घकाळ टिकून करायच्या व्यायामात त्यापुढे कामगिरी घसरण्याची शक्यता वाढते.

आता हाच धावपटू अंगातल्या कपड्यांनिशीच दोन्ही वेळा काट्यावर चढला आणि बनियन-चड्डीत ३०० ग्रॅम घाम मुरलेला राहिला, असे समजा. काटा ६७.१ ऐवजी ६७.४ अधिक कोरड्या कपड्यांचे वजन दाखवील. घट एक किलोच दिसेल, दर ताशी ०.९ लिटरवर येईल आणि तूट दीड टक्क्याच्या आत भासेल. म्हणून दोन्ही वजने शक्यतो विवस्त्र, निदान अगदी कमी व कोरड्या कपड्यांत, आणि एकाच काट्यावर करतात. पाण्याची बाटलीही आधी व नंतर त्याच काट्याऐवजी स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर तोलणे बरे. घोटांचा अंदाज फसतो, आणि डोक्यावर ओतलेले पाणी तर हिशेबात धरायचेच नसते.

गेलेले सगळे वजन घामच असते असेही नाही. श्वासावाटे पाण्याची वाफ जाते, शिवाय बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आत घेतलेल्या प्राणवायूपेक्षा वजनाने जास्त भरतो. तासाभराच्या सरावात ही चूक लहान असल्याने सोडून देतात. मॅरेथॉनसारख्या कित्येक तासांच्या धावेत मात्र ती साठत जाते. त्यात स्नायूंतील ग्लायकोजन जळताना त्याच्याशी बांधलेले पाणी मोकळे होते, म्हणून काट्यावर दिसणारी घट खऱ्या तुटीपेक्षा जास्त वाटते. अशा लांब शर्यतीत टक्केवारी दशांशापर्यंत खरी मानणे व्यर्थ आहे.

टक्केवारीला आणखी एक मर्यादा आहे: आरंभी शरीरात पाणी पुरेसे होते, असे ती गृहीत धरते. आदल्या रात्रीपासून तहानलेला माणूस १ टक्का तूट दाखवून प्रत्यक्षात बराच कोरडा असू शकतो. त्यामुळे सलग काही दिवस सकाळी उठल्यावर, लघवीनंतर आणि काही खाण्यापिण्यापूर्वी घेतलेल्या वजनांची सरासरी हाताशी ठेवतात आणि व्यायामापूर्वीचे वजन तिच्याशी ताडून पाहतात.

मिळालेला दर त्या दिवसाचे हवामान, वेग आणि कपडे यांच्यापुरताच खरा असतो. मुंबईच्या मे महिन्यातला ताशी १.१ लिटरचा आकडा घेऊन जानेवारीतल्या थंड पहाटे तेवढेच पाणी पीत राहिल्यास परतल्यावर वजन आधीपेक्षा जास्त भरू शकते आणि टक्केवारी ऋण येते. घामापेक्षा जास्त पाणी प्यायल्याची ती खूण होय. अशा वेळी रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत विरळ होऊ शकते. डोकेदुखी, मळमळ वा गोंधळलेपण सोबत असेल तर आणखी पाणी न पाजता त्या व्यक्तीला ताबडतोब डॉक्टरांकडे नेतात.