सुन्नपणा, नामर्दपणा आणि जाड गादी

“आर्वीहून वर्धेला सायकलनं गेलो का लिंग अन् खालचा भाग सुन्न पडते. गावातले म्हणतात नस गरम होते, माणूस नामर्द होते. जाड गादीची सीट लावू काय?”

नस गरम वगैरे काही होत नाही, ती दबते. लिंग आणि गुदद्वार यांच्यामधल्या मऊ जागेतून त्या भागाची संवेदना नेणारी नस आणि रक्तवाहिनी जाते. बसताना वजन ढुंगणाच्या दोन हाडांवर पडायला हवं. हँडल फार खाली असलं की माणूस पुढे कलतो आणि भार सीटच्या चोचीवर, म्हणजे नेमका त्या नसेवर येतो.

जाड गादीनं उलटंच होतं. हाडं गादीत रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन तिथंच टोचतो. त्यापेक्षा दोन्ही हाडं टेकतील एवढी रुंद, जरा कडक आणि मधे खाच असलेली सीट घ्या.

आधी मात्र आहे तीच सीट तपासा. गवंड्याची लेव्हल-पट्टी तिच्यावर ठेवा. चोच वर दिसली तर नट सैल करून सपाट करा, फार तर केसभर खाली. जास्त झुकवली तर घसराल आणि हात भरून येतील. पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट उंच असेल तर कंबर डुलते, घासतं. हँडल थोडं वर घ्या, दर दहा मिनिटांनी पायडलवर उभे राहा.

उतरल्यावर मुंग्या थोड्या वेळात जातात. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला किंवा ताठरता कमी वाटली, तर सायकल बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. लाजू नका.