शेतीतील स्त्रियांचे बिनमोबदला श्रम व जमीनधारणा (नाशिक जिल्हा)

घरच्या शेतात स्त्रिया करतात त्या मजुरीविना कामाचा आणि जमिनीवरील त्यांच्या तोकड्या हक्काचा विचार ग्रामीण समाजशास्त्रात एकत्र केला जातो. नाशिककडे उन्हाळ कांद्यात हे स्पष्ट दिसते. डिसेंबर-जानेवारीतील रोपांची लागण, निंदणी, पुढे खांडणी आणि चाळीत भरण्याआधीची निवड ही कामे बहुतांशी बायकांची. खांडताना बोटभर मान राखावी लागते; अगदी जवळून कापली की कांदा चाळीत मानेकडून सडू लागतो. हेच काम उक्ते दिले तर रोख मोजावी लागते. घरची सून करते तेव्हा ते खर्चात धरले जात नाही. सावडीने फेडले तर त्याची नोंदच उरत नाही. माल विकल्यावरची पट्टी बहुधा खातेदार पुरुषाच्या नावे निघते.

खातेदार कोण, हे वारसनोंदीच्या वेळी ठरते. समजा, चार एकर वडिलोपार्जित जमीन आहे; हिंदू एकत्र कुटुंबातील वडील 2005 नंतर मृत्युपत्र न करता वारले आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. आधी काल्पनिक वाटणीत वडिलांसह पाच जणांना प्रत्येकी 32 गुंठे येतात. मग वडिलांचे 32 गुंठे चौघांत वाटले की प्रत्येकाचे 40 गुंठे, म्हणजे एक एकर होतो. व्यवहारात मात्र मुलीचे नाव अर्जातच गाळले जाते, किंवा माय-लेकींची नावे भोगवटादाराऐवजी ‘इतर अधिकार’ या रकान्यात जातात. तसे झाले की सोसायटीचे पीककर्ज घेताना ते नाव उपयोगी पडत नाही. तिसरी वाट हक्कसोडपत्राची. ते नोंदणीकृतच लागते. साध्या स्टँपपेपरवरील सहीने मुलीचा हिस्सा जात नाही. भाऊबंदकी नको, माहेर तुटू नये, म्हणून बहिणी सही करतात. फेरफाराची नोटीस आल्यावर 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत घेता येते, पण नोटीस सासरच्या पत्त्यावर पोचली तर.

पत्नीच्या नावे जमीन करण्याच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेचा आरंभ कधीचा, याबद्दल एकमत नाही. काही जण तो शेतकरी संघटनेच्या नोव्हेंबर 1986 मधील चांदवड (जि. नाशिक) येथील महिला अधिवेशनापासून धरतात. तेथे मालमत्तेच्या हक्काची चर्चा झाली खरी. परंतु शंभर कुटुंबांनी नावे लावलेल्या गावाला ‘लक्ष्मीमुक्त’ म्हणण्याची पद्धत त्यानंतरची दिसते, म्हणून 1990 च्या आसपासचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. शरद जोशी यांच्या पुढाकाराने चाललेल्या या मोहिमेची मर्यादा तिच्या रीतीतच होती: अर्ज पतीने करायचा. एकत्र खात्यात त्याचा हिस्सा फोडलेला नसेल, तर आधी भावांशी वाटप करावे लागे, आणि अर्ज तेथे अडू शकत.