दातांत पेन धरण्याचा प्रयोग आणि त्याची प्रस्तावना

पुण्यातली एक विद्यार्थिनी एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी एक जुना प्रयोग पुन्हा करून पाहणार आहे. तिचा कच्चा खर्डा माझ्याकडे वाचायला आला. पहिलं वाक्य होतं, 'भावना हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक आहे.' पुढे डार्विन, विल्यम जेम्स, मग भावनेच्या व्याख्या. कोणता प्रयोग पुन्हा करायचाय, याचा पत्ता तिसऱ्या पानावर लागला: 'स्ट्रॅक व सहकाऱ्यांनी १९८८ साली हसल्याने आनंद होतो हे सिद्ध केले. भारतात असा अभ्यास झालेला नसल्याने प्रस्तुत संशोधन हाती घेतले आहे.'

मूळ प्रयोगात कुणी कुणाला हसायला सांगितलंच नव्हतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. ९२ जणांना सांगितलं गेलं की, ज्यांना हात वापरता येत नाहीत अशा लोकांसाठी लिहिण्याच्या पद्धती तपासायच्या आहेत. काहींनी पेन दातांत धरलं, त्यामुळे चेहऱ्याचे हसण्याचे स्नायू आपोआप ताणले गेले. काहींनी ते नुसत्या ओठांत धरलं, तसं केलं की हसताच येत नाही. उरलेल्यांनी ते ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या हातात धरलं. मग सगळ्यांनी काही व्यंगचित्रं किती विनोदी वाटतात याला ० ते ९ गुण दिले. दातवाल्यांची सरासरी ५.१४ आली, ओठवाल्यांची ४.३२, हातवाल्यांची मधली ४.७७.

म्हणजे मोजला गेला तो व्यंगचित्रांना दिलेला गुण. 'आनंद' हा त्यावरून काढलेला अर्थ. प्रस्तावनेत दोन्ही एकत्र कालवले की, नव्या प्रयोगात नेमकं काय जुळायला हवं हेच ठरत नाही. फरकाचा आकडाही तिथेच द्यायला हवा. दहा पायऱ्यांच्या पट्टीवर ०.८२ चा फरक शोधायला किती माणसं लागतील आणि त्याच्या निम्मा शोधायला किती, हा हिशेब पुढे करावाच लागतो. फरक निम्मा असेल तर माणसं साधारण चौपट लागतात.

आता दुसरं वाक्य. 'भारतात झालेला नाही' हे कारण आपल्याकडच्या प्रबंधांत इतकं रुळलंय की कुणाला खटकतही नाही. पण भारतात उत्तर वेगळं का यावं, हे सांगितल्याशिवाय ते कारण होत नाही. इथे तर खरं कारण समोरच पडलेलं होतं. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी मिळून १,८९४ लोकांवर हाच प्रयोग केला आणि फरक आला अवघा ०.०३. त्यावर स्ट्रॅक यांनी एक मुद्दा काढला: पेन नीट धरलंय का हे पाहायला या वेळी समोर कॅमेरा होता, १९८८ मध्ये नव्हता. कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस स्वतःच्या आतल्या खुणांवर कमी विसंबत असेल का? २०१८ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी हेच तपासलं. कॅमेरा नसताना परिणाम दिसला, असताना दिसला नाही. मात्र या दोन स्थितींमधला फरक पुरेसा भक्कम ठरला नाही. पुन्हा करण्याची गरज नेमकी इथे आहे.

नवा खर्डा असा सुरू होतो:

'ओठांऐवजी दातांत पेन धरणाऱ्यांना व्यंगचित्रे अधिक विनोदी वाटली, असे १९८८ च्या एका प्रयोगात आढळले (फरक ०.८२ गुण). २०१६ च्या १७ प्रयोगशाळांच्या अभ्यासात हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. दोन्ही अभ्यासांतील एक ठळक भेद म्हणजे कॅमेरा. आम्ही एकाच अभ्यासात निम्म्या सहभागींसमोर कॅमेरा ठेवून व निम्म्यांसमोर न ठेवता तो प्रयोग पुन्हा करत आहोत.'

यात 'सिद्ध केले' नाही आणि 'फोल ठरले' हेही नाही. मूळ संशोधकांनाही हा परिच्छेद वाचून 'हो, आम्ही हेच केलं' असं वाटलं पाहिजे, ही माझी कसोटी.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नव्हती. मूळ व्यंगचित्रं गॅरी लार्सन यांची, अमेरिकन धाटणीची. त्याऐवजी तिने दिवाळी अंकांतली निवडली आहेत. हा बदल प्रस्तावनेतच, कारणासकट यायला हवा, कारण परिणाम दिसला नाही तर पहिलं बोट तिकडेच जाईल. चित्रं मध्यम विनोदी हवीत. सगळ्यांनी ८-९ गुण दिले तर वर जायला जागाच उरत नाही आणि फरक असूनही दिसत नाही. म्हणून ती आधी वेगळ्या मुलांना दाखवून गुण घेणार आहे.

शेवटच्या परिच्छेदात तिने कोणत्या निकालाचा काय अर्थ लावणार हे लिहिलंय. फरक फक्त कॅमेऱ्याविना दिसला, तर स्ट्रॅक यांच्या मुद्द्याला बळ. दोन्हीकडे नाही दिसला, तर कॅमेऱ्याची सबब कमकुवत होते, पण चेहऱ्याचा भावनेवर परिणामच नाही असं म्हणता येत नाही. २०२२ च्या १९ देशांतल्या अभ्यासात हसऱ्या चेहऱ्याची नक्कल करणाऱ्यांत परिणाम दिसला होता, पेनच्या पद्धतीनेच स्पष्ट उत्तर दिलं नव्हतं. डार्विनला तिने वगळलंय. गाइड तो परत घालायला सांगतील अशी तिला धास्ती आहे, आणि मला वाटतं ते सांगतीलच.