निष्कर्ष बदलला: चूक सापडली की निवड बदलली?

विश्लेषण पुन्हा चालवलं आणि प्रबंधाचा मुख्य निष्कर्षच बदलला, हे मार्गदर्शकांना कळवण्याची वेळ दोन वेगळ्या कारणांनी येते. कधी जुन्या आकड्यात चूक निघते. कधी चूक कुठेच नसते, विश्लेषणातली एक निवड बदललेली असते. "मॅडम, निकाल बदललाय, कधी भेटू?" एवढ्या ईमेलवरून जुना आकडा रद्द करायचा की दोन्ही ठेवायचे, हे त्यांना कळणार कसं?

समजा, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फाइलवरून आईचं शिक्षण आणि मुलांची उंची यांचा संबंध तपासायचा आहे. `hw70` या रकान्यात वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर, म्हणजे त्या वयाच्या प्रमाण उंचीपेक्षा मूल किती वर-खाली आहे हे सांगणारा आकडा, शंभरने गुणून ठेवलेला असतो, म्हणजे −180 हे खरं −1.8. मोजमाप अशक्य कोटीतलं वाटलं तर तिथे 9998 सारखा संकेतांक असतो. तो गाळायचा राहिला, तर ते मूल 99.98 म्हणून सरासरीत शिरतं. शंभरात असं एक मूल असलं तरी सरासरी जवळपास 1 ने वर जाते. न शिकलेल्या आयांच्या मुलांची खरी सरासरी −1.8 आणि शिकलेल्यांच्या मुलांची −1.2 धरू. पहिल्या गटात हजारी दहा आणि दुसऱ्यात हजारी चार संकेतांक असले, तर दोन्ही सरासऱ्या सुमारे −0.8 वर येतात आणि फरक जवळपास नाहीसा होतो.

याचा ईमेल असा हवा: "मॅडम, नमस्कार. शिक्षणाने फरक पडत नाही, हा आपला निष्कर्ष चुकीचा होता. 9998 गाळायचं राहिलं होतं. गाळल्यावर फरक 0.6 येतो. गाळण्याची ती एकच ओळ कोडमधून काढली की जुना जवळपास शून्य फरक परत येतो, हे तपासलं आहे." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण दुसरं काहीच बदललेलं नाही याचा तोच पुरावा आहे.

आता घराच्या संपत्तीचा निर्देशांक, `v190`, मॉडेलमध्ये घेतला आणि फरक 0.6 वरून 0.2 झाला असं धरू. इथे 0.6 चूक नाही. तो एकूण फरक सांगतो, तर 0.2 सारख्या संपत्तीच्या घरांमधला. शिवाय शिक्षणामुळेच संपत्ती वाढली असेल, तर 0.2 मध्ये शिक्षणाचा काही वाटा कापला गेलेला असू शकतो. म्हणून या ईमेलमध्ये दोन्ही आकडे हवेत, आणि निर्देशांक घ्यायचं निकाल पाहण्याआधी ठरलं की नंतर, हेही हवं. याला "दुरुस्ती" म्हणणं मला धोक्याचं वाटतं. आवडलेला आकडा त्या शब्दाआड खरा ठरून जातो.

दोन्ही बदल एकाच वेळी झाले असतील, तर ते वेगवेगळे चालवून तिन्ही आकडे क्रमाने द्यावेत: 0, मग 0.6, मग 0.2. पहिला रद्द करायचा, उरलेल्या दोनांवर मॅडमशी बोलायचं.